मॅडम, बुधवारपर्यंत मुदत मिळेल का?

महाविद्यालयात मुदत मागायला येणारी मुलं बहुतेक वेळा चुकीच्या जागी उभी असतात. स्टाफरूमच्या दारात, जिन्यात, नाहीतर शेवटचा तास संपवून मॅडम बॅग भरत असताना. खान्देशात अर्धा प्राध्यापकवर्ग अप-डाउन करतो. कुणी भुसावळहून, कुणी जळगावहून, कुणी धुळ्याहून. शेवटच्या तासानंतर मॅडमचं एक लक्ष घड्याळाकडे आणि दुसरं गाडीकडे असतं. त्या वेळी 'मॅडम, एक काम होतं' असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, 'उद्या बघू.' उद्याही तेच होतं आणि मुदतीचे दोन दिवस त्यात जातात.

काही विभागांत प्राध्यापकांच्या भेटीची वेळ फलकावर लावलेली असते, उदाहरणार्थ मंगळवार आणि गुरुवार, १२ ते १. जिथे तशी वेळ नाही तिथे वेळापत्रक बघावं आणि मॅडमचा रिकामा तास शोधावा. आदल्या दिवशी जाता-येता एवढंच विचारावं, 'मॅडम, प्रोजेक्टबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं, उद्या कधी येऊ?' इथे मुदतीचा विषय काढायचा नाही. उभ्याउभ्या विचारलेल्या मुदतीला उभ्याउभ्याच नकार मिळतो, आणि एकदा 'नाही' म्हटल्यावर चांगल्या माणसालाही ते फिरवणं जड जातं.

आता एक प्रसंग घेऊ. एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प, विषय रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांचा खर्च आणि उत्पन्न. ६० शेतकऱ्यांच्या प्रश्नावल्या भरायच्या आहेत. प्रकल्प द्यायची तारीख येता शुक्रवार. विद्यार्थी मंगळवारी सव्वाबारा वाजता मॅडमच्या टेबलापाशी आला आहे. आज मंगळवार आहे, शुक्रवार नाही, हे पहिलं बरं लक्षण. याआधी त्याच टेबलाशी येऊन गेलेल्या एखाद्या मुलाचा संवाद साधारण असा असतो:

विद्यार्थी: मॅडम, ते प्रोजेक्टचं... म्हणजे थोडे दिवस वाढवून मिळाले असते तर...

मॅडम: का?

विद्यार्थी: घरची अडचण होती मॅडम. प्लीज मॅडम.

मॅडम: किती झालंय?

विद्यार्थी: बरंच झालंय मॅडम. थोडंच राहिलंय.

मॅडम: मग थोडंच राहिलंय तर शुक्रवारपर्यंत कर.

या संवादात उद्धटपणा कुठेच नाही. मुलगा मान खाली घालून उभा आहे, चार वेळा मॅडम म्हणाला आहे, एकदा प्लीज म्हणाला आहे. पण मॅडमना ठरवता येईल असं त्याने काहीच दिलेलं नाही. 'थोडे दिवस' म्हणजे दोन की बारा? 'बरंच झालंय' म्हणजे नक्की काय झालंय? घरची अडचण खरी असेलही, पण ती अशी बंद पाकिटासारखी पुढे केली की मॅडमना एक तर उघडून बघावी लागते, नाहीतर तशीच ठेवून द्यावी लागते. चाळीस मुलांचा वर्ग असलेला माणूस ती ठेवूनच देतो. घरी लेवा बोलीत किंवा अहिराणीत मोकळं बोलणारी मुलं मॅडमसमोर आली की एकदम अर्जाच्या भाषेत शिरतात, 'काही वैयक्तिक कारणास्तव' वगैरे. त्या भाषेत आदर असतो, माहिती नसते.

आता आपला विद्यार्थी. त्याच्या हातात एक वही आहे, तिच्या एका पानावर काय झालं, काय राहिलं ते लिहिलेलं आहे. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठाही सोबत आहे.

विद्यार्थी: मॅडम, येऊ का? काल बोललो होतो, प्रोजेक्टबद्दल.

मॅडम: ये. बस. बोल.

विद्यार्थी: मॅडम, शुक्रवारी प्रोजेक्ट द्यायचं आहे, पण माझं तेव्हा पूर्ण होणार नाही. मला पुढच्या बुधवारपर्यंत मुदत मिळेल का, हे विचारायला आलोय. काय झालंय आणि काय राहिलंय ते लिहून आणलंय.

मागणं पहिल्या दमात आलं, तारखेसकट. मराठीत मोठ्या माणसाकडे काही मागताना आपण प्रस्तावना लांबवतो, तब्येत विचारतो, आधीचे उपकार आठवतो. भेटीच्या दहा मिनिटांत ते परवडत नाही, आणि ऐकणाऱ्याला 'हा शेवटी काय मागणार' याचीच धास्ती वाटत राहते. 'मिळेल का' या प्रश्नात पुरेशी नम्रता आहे. 'द्याच मॅडम' हा हट्ट झाला आणि 'दिलीत तर उपकार होतील' हे ओझं झालं.

मॅडम: बुधवार म्हणजे पाच दिवस. का राहिलं पण? तारीख तर दीड महिन्यापासून माहीत होती.

विद्यार्थी: हो मॅडम, माहीत होती. ६० पैकी ४२ प्रश्नावल्या भरून झाल्यात. पण त्यातल्या १५ मध्ये घोटाळा झालाय. मी क्षेत्राचा रकाना एकरात ठेवला होता. शेतकरी सांगतात खोडात. 'पाच हजार खोड आहे' असं. मी सरसकट पाच बाय पाचची लागवड धरून एकर काढले. नंतर कळलं की काहींची लागवड सहा बाय पाचची आहे.

इथे मॅडम पुढे सरकून बसतात, कारण प्रश्न विषयातला आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा मळा खोडांवर मोजतात. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरात साधारण १,७४० खोडं बसतात, सहा बाय पाचवर साधारण १,४५०. म्हणजे पाच हजार खोडांचा मळा पहिल्या हिशोबाने पावणेतीन एकरांच्या थोडा वर जातो आणि दुसऱ्या हिशोबाने साडेतीनच्या जवळ. अर्ध्या एकराहून जास्त फरक. एकरी खर्च आणि एकरी उत्पन्न हाच प्रकल्पाचा गाभा असेल तर ही पंधरा पानं तशीच ठेवून चालणार नाही. शुक्रवारी वेळेत दिलेला प्रकल्प तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळला असता, आणि मार्गदर्शक म्हणून मॅडमची सही त्याच्यावर असती.

कारण सांगताना हे असं जमलं पाहिजे. आजारपण, घरातलं लग्न, कापणी, यातलं काहीही खरं असेल तर एका वाक्यात सांगावं आणि लगेच त्याचा कामावर काय परिणाम झाला तिकडे यावं. 'तीन दिवस ताप होता, त्यामुळे तांदलवाडीचे सहा फॉर्म राहिले' एवढं पुरतं. सलाइनचा फोटो मोबाइलवर दाखवायची गरज नसते. डॉक्टरांचा कागद असेल तर मागितल्यावर द्यावा. आणि आजोबांना उगीच मारू नये. खान्देशात गावं एकमेकांना लागून आहेत, मॅडमच्या ओळखीचं कुणीतरी त्या गावात निघतंच.

मॅडम: आणि उरलेले १८?

विद्यार्थी: ते निंभोरा आणि तांदलवाडीचे आहेत. मी दोनदा गेलो, पण कापणी चालू होती. गाडी भरायला आलेली असली की शेतकरी बोलत नाही मॅडम. आता संध्याकाळी घरी भेटायचं ठरवलंय, सात जणांशी फोनवर बोलणं झालंय.

मॅडम: बरं. बुधवारपर्यंत कसं करणार ते सांग.

विद्यार्थी: आज आणि उद्या त्या १५ जणांना फोन करून लागवडीचं अंतर विचारतो. गुरुवार ते शनिवार रोज सहा फॉर्म. रविवारी एक्सेलमध्ये भरणं आणि कोष्टकं. सोमवारी तिसरं आणि चौथं प्रकरण. मंगळवारी प्रिंट, बाइंडिंग. बुधवारी सकाळी जमा.

मॅडम: दोन प्रकरणं एका दिवसात? तूच लिहिणार ना?

हा प्रश्न येणारच. मुदत मागणाऱ्याच्या वेळापत्रकात बहुतेक वेळा लिखाणाला सगळ्यात कमी वेळ दिलेला असतो, कारण गावोगाव फिरणं हेच काम वाटतं आणि लिहिणं म्हणजे बसून टाईप करणं वाटतं. अनुभवी मार्गदर्शक बोट तिथेच ठेवतो. 'होईल मॅडम, रात्रभर जागून करतो' हे उत्तर दिलं की आधीचा सगळा हिशोब पातळ होतो. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करावी.

विद्यार्थी: सोमवारी एकाच दिवसात नाही होणार, खरं आहे. तर मी रोज रात्री त्या दिवसाचे सहा फॉर्म एक्सेलमध्ये भरत जातो. म्हणजे रविवार तिसऱ्या प्रकरणाला मिळेल आणि सोमवार चौथ्याला. पहिली दोन प्रकरणं तयार आहेत मॅडम. ती शुक्रवारीच देऊ का?

मॅडम: हां, ते दे. ते मी वाचून ठेवते. आता माझं ऐक. माझ्याकडे २८ प्रोजेक्ट आहेत. एकाला अर्धा तास धरला तरी चौदा तास. रोज दोन तासांच्या वर मला होत नाही, म्हणजे शनिवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत माझे सात दिवस गेले. त्याच्या पुढच्या सोमवारी तोंडी परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक येणार आहेत. ती तारीख माझ्या हातात नाही.

मुलांना दिसत नाही ते हे. मुदत ही मॅडमच्या कपाटात पडून असलेली वस्तू नसते की काढून दिली. शुक्रवार आणि तोंडी परीक्षेचा सोमवार यांच्यामध्ये जी जागा आहे, ती तपासण्यासाठी ठेवलेली असते. त्यातलेच दिवस मागितले जातात. म्हणून 'किती दिवस द्याल?' असं विचारण्यापेक्षा 'तुम्हाला तपासायला उशिरात उशिरा कधी हवं?' असं विचारलं तर खरी तारीख बाहेर येते.

मुदतीही सगळ्या एका जातीच्या नसतात. निबंध, सेमिनार, प्रकल्पाची तारीख मॅडमनी स्वतः ठरवलेली असते आणि त्या ती हलवू शकतात. तोंडी परीक्षेची किंवा अंतर्गत चाचणीची तारीख विभाग ठरवतो. त्यात बदल हवा असेल तर विभागप्रमुखांच्या नावाने अर्ज लागतो आणि मॅडम फार तर शिफारस करतात. विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म आणि ऑनलाइन गुण भरायची शेवटची तारीख मात्र परिपत्रकाने ठरते. फॉर्मला विलंब शुल्काची आणि त्यापुढे अतिविलंब शुल्काची सोय असली तर ती परिपत्रकात लिहिलेली असते. तिथे मॅडमसमोर हात जोडून काही होत नाही, परीक्षा विभागाच्या खिडकीवर जावं लागतं. आपली तारीख यातली कुठली, हे न बघता आलेला मुलगा मॅडमचा वेळ घेतो आणि उगीच नाराज होऊन जातो.

विद्यार्थी: मग मॅडम, तुम्हाला उशिरात उशिरा कधी मिळालं तर चालेल?

मॅडम: मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. बाइंडिंग नको, पीडीएफ पाठव. मी काही बदल सांगितले तर बाइंडिंग उसवायचं का? छापील प्रत तोंडीच्या आधी शनिवारी दे.

विद्यार्थी: चालेल मॅडम. बाइंडिंगचा दिवस वाचला तर मंगळवार शक्य आहे.

मॅडम: आणि प्रमाणपत्राच्या पानावर विभागप्रमुखांची सही लागते. सर बुधवार-गुरुवार बाहेरगावी आहेत. ते पान मंगळवारी दुपारीच छापून सही घेऊन ठेव. मग शनिवारी माझ्या दारात रडत येऊ नकोस.

बाइंडिंग आणि सही या दोन गोष्टींनी जितके प्रकल्प अडकतात तितके लिखाणाने अडकत नाहीत. शेवटच्या आठवड्यात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळ्या विभागांची गर्दी असते. स्पायरल तासाभरात होतं, पण काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांचं जाड बाइंडिंग हवं असेल तर तो दोन दिवस सांगतो आणि तिसऱ्या दिवशी देतो. प्रमाणपत्रावर मार्गदर्शक, विभागप्रमुख, काही ठिकाणी प्राचार्य अशा सह्या लागतात, आणि त्यातला एक जण नेमका रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेलेला असतो. मुदत मागताना या दोन गोष्टी आपणहून काढल्या तर समोरच्याला कळतं की हा शेवटपर्यंत विचार करून आलाय. आपल्या विद्यार्थ्याने बाइंडिंग धरलं होतं, सही विसरला होता. मॅडमनी आठवण केली, हे नशीब.

विद्यार्थी: हो मॅडम, मंगळवारी घेतो.

मॅडम: अजून एक. बाकीचे २७ जण शुक्रवारी देणार आहेत. त्यातलेही काही जण फॉर्मसाठी उन्हातान्हात फिरलेत. तुला वेळेचे गुण पूर्ण मिळणार नाहीत. पाचपैकी दोन कापणार.

विद्यार्थी: ठीक आहे मॅडम.

घासाघीस इथे नाही. प्रकल्पाच्या पन्नास गुणांतले दोन गेले तर गेले. उलट सुरुवातीलाच 'मॅडम, हवे तर गुण कापा पण मुदत द्या' असं म्हणणंही बरं नाही. त्याने मॅडमना भाव ठरवायला बसवल्यासारखं होतं. त्यांनी स्वतः काढलं तर ऐकावं आणि मान्य करावं. आणि बाहेर गेल्यावर 'मला मंगळवारपर्यंत दिलंय' हे वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये. अर्ध्या तासात दारात आणखी सहा जण उभे राहतात, आणि मग मॅडमना सगळ्यांना सारखं करण्याचा सोपा मार्ग एकच उरतो, सगळ्यांना शुक्रवार.

सोबत मित्रांना घेऊन जाणं, गावच्या ओळखीचे सर मध्ये घालणं, संस्थेत असलेल्या काकांकडून फोन करवणं हे प्रकार आपल्याकडे चालतात, आणि कधीकधी मुदत मिळतेही. पण फोनवर मिळालेल्या मुदतीत मॅडम पहिली दोन प्रकरणं आधी वाचून ठेवत नाहीत, आणि विभागप्रमुख बाहेरगावी जाणार आहेत हेही सांगत नाहीत.

बोलणं झालं की त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, लेखी पाठवावं. विभागाला ईमेल चालत असेल तर ईमेल, नाहीतर मॅडम ज्या नंबरवर प्रकल्पाचं बोलतात तिथे. चार ओळी पुरतात:

> नमस्कार मॅडम. आज ठरल्याप्रमाणे: प्रकरण १ व २ येत्या शुक्रवारी देतो. पूर्ण प्रकल्पाची पीडीएफ पुढच्या मंगळवारी संध्याकाळी ५ पर्यंत पाठवतो. प्रमाणपत्रावर विभागप्रमुख सरांची सही मंगळवारी दुपारी घेतो. बाइंडिंग केलेली प्रत शनिवारी जमा करतो. वेळेच्या गुणांबद्दल सांगितलेलं लक्षात आहे. धन्यवाद.

खाली पूर्ण नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक. नाव मोबाइलमध्ये असेलच असं धरू नये. मॅडमच्या फोनवर चार 'राहुल एम.ए.' असतात. या निरोपाचा खरा उपयोग पुढच्या आठवड्यात होतो, जेव्हा २८ जणांच्या गडबडीत मॅडमनाच आठवत नाही की कुणाला मंगळवार दिला आणि कुणाला सोमवार. काही विभागांत छापील अर्जावर 'मान्य' असा शेरा घ्यावा लागतो. तिथे 'प्रति, मा. विभागप्रमुख' असा अर्ज लिहून आधी मॅडमची सही घ्यावी, मग विभागप्रमुखांकडे जावं, आणि झेरॉक्स आपल्याकडे ठेवावी.

मॅडम नाही म्हणाल्या तर? तेव्हा कारण पुन्हा, आणखी मोठ्या आवाजात सांगण्यात अर्थ नसतो. विचारायचं ते एवढंच, 'मग मॅडम, शुक्रवारी ४२ वर काम बंद करून दिलं तर चालेल का?' ४२ शेतकऱ्यांचा नमुना ६० पेक्षा कमी आहे, पण संशोधनपद्धतीच्या प्रकरणात 'अभ्यासाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली तो कमी का झाला ते लिहिता येतं. त्या १५ जणांना फोन मात्र करावेच लागतील, ते काम दोन दिवसांत उरकतं. बऱ्याचदा मार्गदर्शक मुदतीला नाही म्हणतात पण कामाचा आकार कमी करायला हो म्हणतात, कारण त्याने त्यांचे तपासायचे सात दिवस शाबूत राहतात.

आणि मुदत मिळूनही गाडी अडली, तर तेही मंगळवारी साडेचारला कळवायचं नाही. निंभोऱ्यात कुणाकडे लग्न निघालं, तांदलवाडीत दोन दिवस कुणी घरी भेटलं नाही, शनिवारी रात्री १८ पैकी ११ च फॉर्म हातात आहेत, असं झालं की रविवारी सकाळी मॅडमना निरोप पाठवावा: '५३ वर थांबतो, मर्यादांमध्ये लिहितो, मंगळवार तोच ठेवतो, चालेल का?' दुसऱ्यांदा मुदत मागण्यापेक्षा सात फॉर्म सोडून देणं मॅडमना लवकर मान्य होतं.